शस्त्रक्रियेनंतर सहकाऱ्याला पाठवायचा निरोप

ऑफिसातल्या मॅडमना काय निरोप पाठवावा, असे तुम्ही विचारले आहे. त्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया परवाच झाली आहे, त्यामुळे गुंगी आणि थकवा अजून असणार, हे धरूनच चार ओळी लिहा. नवखा माणूस हमखास प्रश्न विचारतो: ‘कशा आहात? टाके कधी काढणार? कामावर कधी येणार?’ प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि शेवटच्याने तर रजेचीच काळजी लागते. म्हणून निरोपात प्रश्नचिन्ह एकही नको.

मी असे लिहीन:

‘मॅडम, शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे कळले, फार बरे वाटले. तुमच्या टेबलावरच्या मनीप्लांटला मी पाणी घालतो आहे. त्याला नवे पान फुटले असून ते थेट तुमच्या खुर्चीकडे वळले आहे. रंकाळ्यावर सकाळी छान गारवा असतो. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका, निवांत पडून राहा.’

यातली गंमत मुद्दाम हलकी ठेवली आहे, कारण पोटावर टाके असताना खळखळून हसले तर दुखते. आणखी दोन गोष्टी टाळा:

- ‘बऱ्या झालात की तांबडा-पांढरा रस्सा!’ आपल्या कोल्हापुरात हे सहज सुचते. पण पित्ताशय काढल्यावर सुरुवातीला तेलकट, तिखट पदार्थ बहुधा सोसत नाहीत.
- आपल्या नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेची हकिगत, मग ती कितीही सुखरूप पार पडलेली असो.

निरोप दिवसा पाठवा. दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तरी ‘मिळाला ना?’ असे विचारू नका, कारण मग आधीचा दिलासा फुकट जातो.