तीच मुलं, तीन वेळा मोजणी: स्फेरिसिटीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, चौथीच्या त्याच मुलांकडून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत वाचून घेतलं. तीन पेअर्ड टी-टेस्ट केल्या तर काय बिघडतं? (एम.एड. विद्यार्थिनी, साक्री)

तीन टेस्ट केल्या की नसलेला फरक 'आहे' म्हणून बसण्याच्या तीन संधी मिळतात. प्रत्येक टेस्टमध्ये ५ टक्के धोका धरला, तर तिन्ही मिळून तो १४ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून आधी रिपीटेड मेझर्स अनोव्हाने एकच प्रश्न विचारायचा: तिन्ही वेळच्या सरासऱ्या सारख्या आहेत का? जोड्यांकडे त्यानंतर वळायचं. साधी वन-वे अनोव्हा मात्र लावू नका. समजा सहा मुलं तीन वेळा मोजली, तर ती अठरा मोजमापं म्हणजे अठरा वेगळी मुलं, असं ती धरून चालते.

प्रश्न: स्फेरिसिटी म्हणजे नेमकं काय? आमचे मार्गदर्शक म्हणतात, तिन्ही वेळचे व्हेरिअन्स सारखे असले की झालं. (पीएच.डी. संशोधक, धुळे)

अट त्या व्हेरिअन्सबद्दल नाही, फरकांच्या व्हेरिअन्सबद्दल आहे. हा गोंधळ मी इतक्या प्रबंधांत पाहिलाय, की इथे आकडे मांडूनच सांगतो. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. घरी अहिराणी बोलणारी सहा मुलं मराठी उतारा वाचतात आणि आपण मिनिटाला बरोबर वाचलेले शब्द मोजतो.

| मूल | जून | ऑक्टोबर | फेब्रुवारी |
|---|---|---|---|
| १ | २० | २६ | ३० |
| २ | २५ | २९ | ४५ |
| ३ | ३० | ३६ | ४० |
| ४ | २२ | ३० | ५० |
| ५ | २८ | ३२ | ३६ |
| ६ | २५ | ३३ | ४५ |

सरासऱ्या २५, ३१ आणि ४१. आता प्रत्येक मुलाचा फरक काढा. जून ते ऑक्टोबर ही वाढ ६, ४, ६, ८, ४, ८ शब्दांची, म्हणजे सगळी मुलं जवळजवळ एका चालीनं पुढे गेली. या फरकांचा व्हेरिअन्स फक्त ३.२ आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र ४, १६, ४, २०, ४, १२. चौथ्या मुलाने एकदम वेग घेतला, पाचवं मूल आपल्या चालीनंच गेलं. इथे व्हेरिअन्स ४९.६. जून ते फेब्रुवारी हा फरक धरला तर ६२.४.

३.२, ४९.६ आणि ६२.४ हे तिन्ही आकडे समष्टीत सारखे असणं म्हणजे स्फेरिसिटी. वेळा दोनच असतील तर फरक एकच निघतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. तिसरी वेळ आली की तो उभा राहतो.

ही अट का लागते, ते अनोव्हाच्या पोटात शिरलं की दिसतं. एफच्या छेदात बसणारा एरर मीन स्क्वेअर म्हणजे या तीन व्हेरिअन्सच्या सरासरीचा निम्मा. इथे सरासरी ३८.४, म्हणून छेद १९.२. वेळेचा मीन स्क्वेअर ३९२ आणि एफ २०.४२. तिन्ही जोड्यांत मुलांची चाल सारखीच विस्कटलेली आहे असं गृहीत धरून हा एकच आकडा सगळ्यांच्या वतीने उभा केलेला असतो. आपल्याकडे तसं नाही. परिणामी एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम कागदावर १० दिसतात, पण तेवढी माहिती आकड्यांत नसते आणि पी खोटा लहान येतो.

माहिती किती उरली, ते एप्सिलॉन सांगतो. तीन वेळांसाठी तो १ ते ०.५ यांच्या मध्ये राहतो आणि स्फेरिसिटी तपासणाऱ्या माउचली चाचणीच्या W वरून थेट निघतो: ε = 1/(2 − W). आपला W ०.१२३, म्हणून एप्सिलॉन ०.५३, जवळजवळ तळाला टेकलेला. दोन्ही डिग्रीज ऑफ फ्रीडमना त्याने गुणायचं: २ चे १.०७ होतात, १० चे ५.३३. एफ तोच राहतो, पण पी ०.०००३ वरून ०.००५ वर येतो. १९५९ मध्ये ग्रीनहाउस आणि गायसर यांनी मांडलेली दुरुस्ती ती हीच. आपला निष्कर्ष टिकला, कारण एफ मोठा होता. एफ ५ आला असता तर दुरुस्तीआधी तो 'सार्थ' ठरला असता (सीमा ४.१०) आणि दुरुस्तीनंतर नाही.

प्रश्न: माझी मुलं ९. माउचली चाचणीत पी ०.२१ आला, एप्सिलॉन ०.७४. म्हणजे अट पाळली गेली ना? (जि. प. शिक्षक, चोपडा)

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ०.७४ एप्सिलॉन म्हणजे W ०.६४. हाच W ९ मुलांवर आला तर पी ०.२१ दिसतो, ३० मुलांवर आला असता तर ०.००२ दिसला असता. आकड्यांचा विस्कट तोच, फक्त मुलं कमी म्हणून चाचणीला तो पकडता आला नाही. छोट्या नमुन्यात माउचली गप्प बसते आणि मोठ्या नमुन्यात किरकोळ फरकावरही ओरडते. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: तिच्या पीवर निर्णय सोपवू नका, दुरुस्त केलेलाच निकाल द्या. अट खरोखर पाळली गेली असेल तर एप्सिलॉन १ च्या जवळ राहतो आणि दुरुस्तीने फारसं काही हलत नाही. एप्सिलॉन ०.७५ च्या वर असेल तर ह्युन-फेल्ट दुरुस्ती घेण्याचा प्रघात आहे, कारण तिथे ग्रीनहाउस-गायसर जरा जास्तच कडक होते. तुमचा आकडा सीमेवर आहे, तेव्हा कडक असलेलीच घ्या.

आर वापरत असाल तर:

```r
library(afex)
m <- aov_ez(id = "mul", dv = "shabd",
            data = d, within = "vel")
summary(m)
```

माउचली आणि दोन्ही एप्सिलॉन `summary` मध्ये एकत्र दिसतात. `d` मध्ये प्रत्येक मोजमापाची ओळ वेगळी हवी, म्हणजे सहा मुलांच्या अठरा ओळी.

प्रश्न: एफ सार्थ आला. आता कोणत्या दोन वेळांत फरक आहे, ते कसं पाहू? (एम.एड. विद्यार्थी, शहादा)

प्रत्येक जोडीची पेअर्ड टी-टेस्ट करा, तिच्या स्वतःच्या एररवर, आणि अनेक टेस्टमुळे वाढणारा धोका आवरणाऱ्या होम पद्धतीने पी दुरुस्त करा. अनोव्हातला सामायिक एरर इथे वापरू नका. वरच्याच सहा मुलांत जून-ऑक्टोबरचा टी स्वतःच्या एररवर ८.२ येतो, सामायिक एररवर तो २.४ इतका खाली येतो. मुलं एका चालीनं पुढे गेली होती, ते सामायिक आकड्याने झाकलं. जून-फेब्रुवारीत उलटं होतं: खरा टी ५.०, सामायिक एररवर तो ६.३ दाखवतो.

प्रश्न: दिवाळीनंतर काही पालक ऊसतोडीला गुजरातेत गेले. त्या मुलांचं फेब्रुवारीचं वाचन नाही. काय करू? (शिक्षिका, नवापूर)

रिपीटेड मेझर्स अनोव्हा त्या मुलांची जून आणि ऑक्टोबरची मोजमापंही टाकून देते, म्हणून इथे मिक्स्ड मॉडेल घ्या. ते आहे तेवढी मोजमापं वापरतं. पण गेलेली मुलं राहिलेल्यांपेक्षा वेगळी असू शकतात. त्यांचे जून आणि ऑक्टोबरचे आकडे राहिलेल्यांच्या आकड्यांशेजारी मांडा. तिथेच ती मागे दिसत असतील, तर फेब्रुवारीची सरासरी फक्त राहिलेल्या मुलांची आहे, हे प्रबंधात त्या तक्त्याखालीच लिहा.