आपणच आपलं कसं सांगायचं?

“मॅडम, लिहायला बसले की मला कसली भीती वाटत नाही, पण लिहिलेलं कुठे पाठवायचं म्हटलं की त्यासोबत स्वतःबद्दल चार ओळी द्याव्या लागतात आणि तिथेच गाडी अडते. आपली आरती आपणच कशी ओवाळायची? आणि नाही ओवाळली तर कोणी ढुंकूनही बघत नाही.”

हे ज्या ताईंचं वाक्य आहे त्या चाळिशीच्या पुढच्या, नोकरी सांभाळून कथा लिहिणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पण खरं सांगायचं तर हेच वाक्य थोड्याफार फरकाने मी कवींकडून ऐकलंय, अनुवादकांकडून ऐकलंय, एका निवृत्त शिक्षकांकडूनही ऐकलंय ज्यांच्या कपाटात हस्तलिखितांचा गठ्ठा पडून होता, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

अशी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना वाटत असतं की आता ही बाई मला आरशासमोर उभं करून ‘मी ग्रेट आहे’ म्हणायला लावणार. मी ते करत नाही. माझा त्यावर विश्वासच नाही. ज्या माणसाला लहानपणापासून सांगितलंय की कौतुकाने पोर शेफारतं, त्याला तुम्ही ‘मी ग्रेट’ म्हणायला लावलं तर तो दोन दिवस म्हणेल आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त ओशाळेल. म्हणून मी ताईंना म्हटलं, भावना राहू देत, तुम्ही संपादकांना पाठवलेलं शेवटचं पत्र घेऊन या.

पत्र असं होतं: “मी काही मोठी लेखिका नाही. सहज सुचलं म्हणून एक छोटीशी गोष्ट लिहिली आहे. आपल्या अंकाच्या दर्जाची ती नसेल याची कल्पना आहे. आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. जमल्यास नजर टाकावी, न आवडल्यास खुशाल बाजूला ठेवावी.”

पाच वाक्यं, आणि कथा कशाबद्दल आहे हे एकाही वाक्यात नाही. उलट कथा बाजूला कशी ठेवायची याची सोय मात्र लेखिकेनेच करून दिलेली.

मी विचारलं, “ही कथा लिहायला किती दिवस लागले?”

“आठ महिने. चार वेळा पूर्ण नव्याने लिहिली.”

“शब्द किती आहेत?”

“तीन हजारांच्या वर जातात.”

“मग ‘सहज सुचलं’ आणि ‘छोटीशी गोष्ट’ हे कुठून आलं?”

त्या हसल्या. “असं म्हणायची पद्धत असते हो.”

“पद्धत राहू द्या. हे खरं आहे का?”

यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अशा वेळी समोरच्याला मदत करायचा मोह होतो, तो आवरणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना नेहमी सांगते. शेवटी त्याच म्हणाल्या, “म्हणजे मी खोटं लिहिलंय. आणि आमच्याकडे खोटं बोललेलं तर अजिबात चालायचं नाही. फुशारकीपेक्षाही नाही.”

इथे गाठ सुटली असं मी मानते. आपल्याला वाटत असतं की एका बाजूला घरचे संस्कार आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचं जग, आणि आत्मविश्वास हवा असेल तर संस्कार थोडे सोडावे लागणार. ताईंना त्या दिवशी दिसलं की भांडण घरच्याच दोन नियमांचं आहे. स्वतःची स्तुती करू नये हा एक नियम आणि खोटं बोलू नये हा दुसरा, आणि त्या कित्येक वर्षं पहिल्यासाठी दुसरा मोडत आल्या होत्या, तेही नम्रतेच्या नावाखाली. मी काही नवीन शिकवलं नाही, त्यांच्याकडे आधीपासून होतं तेच त्यांच्यासमोर ठेवलं. माझ्या मते समुपदेशकाने एवढंच करावं.

पुढच्या वेळी त्या दुसरं पत्र लिहून घेऊन आल्या आणि त्यात झोका पार दुसऱ्या टोकाला गेलेला. ‘काळजाला हात घालणारी, अत्यंत वेगळ्या विषयावरची सशक्त कथा.’ वाचताना त्यांचाच चेहरा कसनुसा झाला. “ही मी नाही,” म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं, आणि हे इथे थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक लोक याच टप्प्यावर प्रयत्न सोडतात. त्यांना वाटतं, बघा, मला स्वतःबद्दल चांगलं बोलायचं जमतच नाही, आपली ती वृत्तीच नाही. पण तो कसनुसेपणा खोटा नसतो, तो योग्य जागी बोट ठेवत असतो. कथा काळजाला हात घालते की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचंच नसतं, ते वाचणारा ठरवतो. आणि ‘दर्जाची नसेल’ हेही त्यानेच ठरवायचं असतं. म्हणजे दोन्ही पत्रांत चूक एकच, फक्त उलटी केलेली. दोन्हीकडे लेखिका संपादकाच्या खुर्चीत बसून निकाल देतेय.

मी स्वतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचार पद्धत मानणारी. १९५० च्या दशकात त्यांनी जी मांडणी केली तिच्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट अशी की माणसाच्या कामाला मार्क द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत, कमीही नाही आणि जास्तही नाही. लोकांना यातला ‘कमी नाही’ हा भाग लगेच पटतो, ‘जास्तही नाही’ हा पचत नाही. पण लेखकांसाठी खरी सुटका त्या दुसऱ्या भागात आहे. स्वतःला मार्क द्यायचेच नसतील तर स्तुतीही करावी लागत नाही आणि निंदाही. उरतं ते फक्त काय केलं हे सांगणं.

मग आम्ही पेन्सिल घेतली आणि दोन्ही पत्रांतल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारत गेलो: हे वाक्य कोणाला तपासता येईल का? ‘मोठी लेखिका नाही’ तपासता येत नाही, खोडा. ‘सशक्त’ तपासता येत नाही, खोडा. ‘क्षमस्व’ कशाबद्दल? संपादकाचं कामच आलेलं साहित्य वाचणं आहे, खोडा. दोन्ही पत्रं मिळून कागदावर जवळजवळ काहीच उरलं नाही, आणि त्या गमतीने म्हणाल्या, “म्हणजे मी दोनदा पत्र लिहिलं आणि काहीच सांगितलं नाही!”

त्यानंतर तयार झालेलं पत्र त्यांच्या परवानगीने इथे देते, कारण याचा नमुना सगळेच मागतात.

“सोबत सुमारे ३२०० शब्दांची कथा पाठवत आहे. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये काम करणाऱ्या एका क्लार्कला वीस वर्षांपूर्वीची फाइल सापडते. तिच्यात पेशंट दाखल झाल्याची नोंद आहे, घरी गेल्याची नाही आणि मृत्यूचीही नाही. मी चौदा वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काम केलं आहे. याआधी माझ्या दोन कथा प्रसिद्ध झाल्या आहेत. ही कथा इतरत्र पाठवलेली नाही. निर्णय कळवावा ही विनंती.”

यात एकही विशेषण स्वतःबद्दल नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की ही बाई ज्या विषयावर लिहितेय तो तिने आतून पाहिलाय. ‘चौदा वर्षं’ हे वाक्य लिहायला मात्र त्या शेवटपर्यंत तयार नव्हत्या. “हे मिरवल्यासारखं होतं.” मी म्हटलं, बँकेच्या फॉर्मवर अनुभव चौदा वर्षं लिहिताना मिरवल्यासारखं वाटतं का? नाही. मग तोच आकडा इथे आला की गर्व कसा होतो? यावर त्या म्हणाल्या, “तिथे विचारलेलं असतं.”

हे उत्तर मला फार आवडलं, कारण मूळ नियम त्यात सापडला. विचारल्याशिवाय सांगू नये, आपलं काम लोकांनी बघावं आणि लोकांनीच बोलावं. नियम वाईट नाही. ज्या घरात, ज्या माणसांत तो शिकवला गेला तिथे तुमचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचं, त्यामुळे सांगायची गरजच नव्हती आणि सांगितलं तर ती फुशारकीच ठरायची. संपादकाने मात्र तुम्हाला कधी पाहिलेलंच नाही. आणि तसं बघायला गेलं तर त्यानेही विचारलेलंच असतं की, ‘साहित्यासोबत परिचय पाठवावा’ म्हणजे दुसरं काय? पण लाजरी माणसं तो प्रश्न प्रश्न म्हणून वाचतच नाहीत, त्यांना ती आपली परीक्षा वाटते.

पत्र पाठवल्यावर ताईंना दोन दिवस चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. तसं होणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि हेही की अपराधी वाटणं म्हणजे अपराध झाल्याचा पुरावा नव्हे, जुना नियम मोडला की नियम चुकीच्या जागी लावलेला असला तरी ती टोचणी येतेच. फक्त तिच्या तंद्रीत दुसरं माफीचं पत्र पाठवू नका, एवढीच अट घातली होती. कारण हे बरेच जण करतात, आधी नीट लिहितात आणि रात्री उशिरा ‘आगाऊपणा वाटला असल्यास माफ करा’ असा मेसेज टाकतात.

कौतुक घेण्याचा प्रश्नही याच्याच जोडीला येतो. कथा छापून आली (त्याच अंकात नाही, दुसऱ्या ठिकाणी, पहिल्याने परत पाठवली होती) आणि एका वाचकाचा फोन आला, तर ताई म्हणाल्या “छे हो, काहीतरीच!” मी म्हटलं, बघा, त्या माणसाने वेळ काढून कथा वाचली, नंबर शोधला, फोन केला, आणि तुम्ही त्याला सांगितलंत की तुझी आवड चुकीची आहे. यात नम्रता कुठे आहे? आता त्या ‘धन्यवाद’ म्हणून थांबतात आणि मग विचारतात, कुठली जागा लक्षात राहिली? याचा फायदा दुहेरी. गाडी स्वतःवरून उतरून कथेवर येते, आणि लिहिणाऱ्याला कामाची माहिती मिळते. तीन वेगवेगळ्या लोकांनी त्यांना शेवटचा परिच्छेद नको होता असंही सांगितलं, जे ‘छे हो’ म्हणणाऱ्या बाईला कोणी सांगितलं नसतं.

आणि टोमणा? तो येतोच, त्याचं मी कोणालाही खोटं आश्वासन देत नाही. नात्यातल्याच एका काकूंनी ऐकवलं, “आता काय बाई, मोठी लेखिका झालीस!” ताईंनी आधी घाबरून कागदावर लिहून ठेवलं होतं की ‘सगळे नातेवाईक हसतील’. प्रत्यक्षात बोलल्या त्या एक काकू, दोघांनी अभिनंदन केलं आणि उरलेल्यांना कथा आलीय हेच माहीत नव्हतं, जे कोणत्याही लेखकाच्या बाबतीत टोमण्यापेक्षा जास्त शक्य असतं. काकूंना काय उत्तर द्यायचं यावर आम्ही थोडा वेळ घालवला. ‘नाही हो, कुठली मोठी’ म्हटलं की पुन्हा जुनी वाट, आणि उलट उत्तर दिलं की भांडण. शेवटी त्यांनी ठरवलेलं उत्तर मला माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा बरं वाटलं. “कथा आलीय काकू, पाठवते वाचायला, पण वाचून झाल्यावर फोन करायचा हं.”

काकूंचा फोन अजून आलेला नाही. ताईंनी दुसरी कथा पाठवलीय, आणि या वेळचं पत्र मला दाखवलं नाही.