चेनवर बसण्याआधी एवढं समजून घे

टायर सोडून डोझरवर आलास ना, मग आधी हा हिशोब कर. 20 टनांचा डोझर. जमिनीला टेकलेली चेन 3 मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद, अशा दोन. म्हणजे 36,000 चौरस सेंटीमीटर. भार येतो चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो. ट्रकचा टायर मात्र जमिनीवर जवळपास स्वतःच्या हवेइतका दाब देतो, म्हणजे 7 किलोच्या आसपास. म्हणून ट्रक रुततो तिथे डोझर चालतो. 41 टनांचा टी-72 रणगाडाही सुमारे 0.8 किलोवर भागवतो.

पकडीचं गणित वेगळं. पट्ट्यावरच्या आडव्या धारा, ग्राउझर, मातीत घुसतात. चेन मागे ओढायला लागली की त्यांच्यामधला मातीचा थर आख्खा कापावा लागतो, आणि तो जितका लांब तितका विरोध जास्त. खडकावर धार घुसतच नाही, तिथे लोखंड घसरतं.

नवीन पोरांच्या चुका ठरलेल्या:

- चेन जागीच फिरतेय तरी रेस देत राहतात. धारा माती उपसतात आणि मशीन पोटावर बसतं. ब्लेड उचल, भार कमी कर.
- चिखलात जागच्या जागी वळतात. चेन आडवी घासते, कडेला माती साचते, कधी चेनच उतरते. थोडं थोडं वळव.
- चेन ताणून ठेवतात. मी पहिल्या वर्षी तेच केलं, स्प्रॉकेट खाल्लं! चिखल भरला की ती आपोआप आणखी ताणते, म्हणून संध्याकाळी फावड्याने साफ कर. झोळ किती हवा ते मशीनच्या पुस्तकात बघ.

उतारावरचं काम नंतर.