बुशच्या ड्रॉइंगवरचं Ø25 H7

अंबडच्या वर्कशॉपमध्ये नवीन लागलोय. बुशच्या ड्रॉइंगवर दोन व्ह्यू, तिरप्या रेषा आणि Ø25 H7 दिसतं. कसं वाचायचं?

आधी तिरप्या रेषा बघ. बुश मधोमध कापलाय असं समजून काढलेला तो सेक्शन. जिथे रेषा तिथे धातू, मधली कोरी जागा म्हणजे भोक. दुसऱ्या व्ह्यूमध्ये तोच बुश टोकाकडून दिसतो, म्हणून नुसती वर्तुळं.

आता माप. भोकाचा व्यास २५ मिमी, आणि H7 ही त्याची टॉलरन्स: २५.००० ते २५.०२१. उणे बाजूला सूट नाही. २४.९९ राहिलं तर पुन्हा बोअर मारता येतो; २५.०३ झालं की जॉब भंगारात.

हे ०.०२ च्या व्हर्नियरने मोजू नकोस (मी मोजलं होतं, अख्खा लॉट परत आला). प्लग गेज माग, म्हणजे भोकात घालून तपासायचा दोन टोकांचा दांडा. गो बाजू सहज आत जायला हवी, नो-गो शिरता कामा नये.