‘नुसती एक सही’ आणि घराचा तिसरा हिस्सा

प्रश्न: बडोद्याच्या दांडिया बाजारातलं घर बाबांनी १९८४ मध्ये घेतलं. ते २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. आई (७९) दादा-वहिनींबरोबर तिथेच राहते. दादाला वर मजला चढवायला २५ लाखांचं कर्ज हवंय आणि बँक सगळ्या वारसांचं विचारते, म्हणून त्याने माझं ‘हक कमी’चं लिखाण तयार करून घेतलंय. सोमवारी सबरजिस्ट्रारकडे जायचंय. ‘नुसती एक सही आहे’ म्हणतो. दलाल घराचे ९० लाख सांगतात. आमचा मांजलपूरला स्वतःचा फ्लॅट आहे. हे ६१ वर्षांचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. शिल्लक ३८ लाख, महिन्याचा खर्च ३८ हजार, पेन्शन जेमतेम ३ हजार. मला भांडायचं नाही, पण सही करावीशीही वाटत नाही. काय करू?

उत्तर:

सोमवारी जाऊ नका, ताई. त्यासाठी दादाचा हेतू वाईट आहे असं समजायची गरज नाही. माझ्या मते तो खरंच कर्जासाठीच धडपडतोय. पण त्याची गरज २५ लाखांच्या कर्जाची आहे, आणि तुमच्यापुढे ठेवलेला कागद ३० लाखांची मालकी देऊन टाकण्याचा आहे. या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्यात, तेवढंच.

आधी हिशेब. बाबांची स्वतःची मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा आणि तुम्ही असे तीन सारखे हिस्से. लग्नात किती खर्च झाला, बाबांना शेवटी कोणी सांभाळलं, वेरा म्हणजे घराचा कर कोण भरतो, याने हे हिस्से बदलत नाहीत. पूर्वी राहत्या घरात मुलीला वाटणी मागण्यावर एक अडसर होता, तो २००५ च्या दुरुस्तीत गेला. जुन्या माणसांच्या डोक्यात तो अजून असतो, म्हणून सांगून ठेवतो.

आता तुमची शिल्लक बघा. पेन्शन वजा जाता महिन्याला ३५ हजार तुमच्या पैशांतून जातात, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. गुंतवणुकीवर ७ टक्के मिळाले आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर ३८ लाख साधारण साडेनऊ वर्षं पुरतात. तोवर यजमान सत्तरीत नुकतेच शिरलेले असतील. त्यात ३० लाखांची भर पडली तर हाच पैसा सतरा वर्षांच्या वर जातो. तो हिस्सा आज दरमहा एक रुपयाही देत नाही, म्हणून तो असून नसल्यासारखा वाटतो. पण तुमच्या म्हातारपणातली सात-आठ वर्षं त्या घरात आहेत. तुमची स्थिती भक्कम असती, मोठं पेन्शन असतं, तर मी म्हटलं असतं की भावाला प्रेमाने द्यायचं असेल तर द्या. तशी ती नाही.

कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गफलत इथेच होते. वारस म्हणून तुमच्यापुढे दोन वेगळ्या प्रकारचे कागद येतात. पहिला वारसाईचा: तलाटीकडचं पेढीनामुं म्हणजे वंशावळ, सोबतचं सोगंदनामुं म्हणजे प्रतिज्ञापत्र, आणि सिटी सर्वेत नावं चढवायचा अर्ज. हे कागद बिनधास्त करा, उलट लवकर करा. फक्त पेढीनाम्यात तुमचं नाव आहे ना ते डोळ्यांनी बघा. याने प्रॉपर्टी कार्डावर बाबांच्या जागी तिघांची नावं येतात. दुसरा कागद ‘हक कमी’चा. त्यात कुठेतरी ‘राजीखुशीथी’ आणि ‘हक जतो करुं छुं’ असे शब्द असतात, आणि बहुतेक वेळा ‘वगर अवेजे’, म्हणजे मोबदला न घेता. हे शब्द दिसले की पेन खाली ठेवायचं. कधीकधी दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकामागोमाग एक, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली मारून ठेवलेले असतात. वाईट हेतूने नव्हे, लिखाण करणाऱ्याला एका खेपेत काम उरकायचं असतं म्हणून.

नोंदणी झालेली हक कमी मागे घेता येत नाही. ती रद्द करायला कोर्टात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, म्हणजे जे तुम्हाला टाळायचंय नेमकं तेच, सख्ख्या भावावर आरोप. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना भावाने ‘पाच लाख देईन’ म्हटलं होतं आणि कागदात मात्र बिनमोबदला लिहिलं होतं. भाऊ अचानक वारला. भावजयीला त्या बोलण्याची काही कल्पनाच नव्हती. तिला खोटं तरी कसं ठरवायचं? ‘आपण नोटरीवर करून टाकू’ असं आलं तर तेही नको. नोटरीने मालकी बदलत नाही, पण तुमची सही असलेला कागद फिरत राहतो.

दुसरी सूचना बँकेकडून येईल: ‘ताईंना सहकर्जदार करा.’ ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं, पण सहकर्जदार म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापुरता नव्हे, सगळ्या २५ लाखांना जबाबदार. हप्ते थकले तर बँक तुमच्या यजमानांच्या निवृत्तीच्या वयात तुमचं दार वाजवेल. यालाही नाहीच म्हणा.

मग दादाने करायचं काय? सगळ्यांत स्वच्छ वाट म्हणजे त्याने तुमचा हिस्सा विकत घ्यावा. बँका असा हिस्सा घेण्यासाठीही कर्ज देतात. त्याने कधी गच्चीची, ड्रेनेजची मोठी दुरुस्ती केली असेल तर तिचा तिसरा भाग ३० लाखांतून वजा करा, तो त्याचा न्याय्य पैसा आहे. धरू या १ लाख. आणखी २ लाख तुम्ही बहीण म्हणून सोडलेत तर २७ लाख उरतात. त्याला गुजरातच्या दराने ४.९ टक्के स्टँप ड्युटी आणि १ टक्का नोंदणी फी, म्हणजे सुमारे १ लाख ५९ हजार पडतील. तुमच्याकडे भांडवली नफ्याचा कर येईल. १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. तेव्हा तुमच्या हिश्श्याची किंमत २ लाख होती असं मानलं, तर २५ लाखांवर १२.५ टक्के आणि सेस मिळून सव्वातीन लाख. तरीही हातात पावणेचोवीस लाख राहतात. २००१ ची किंमत अंदाजाने टाकू नका, व्हॅल्युअरकडून लेखी घ्या. जुन्या शहरात अशांत धारा लागू असलेल्या भागात विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते, ते वकिलाकडून तपासा. आणि एक नियम पाळा: पैसे आणि सही एकाच दिवशी, डिमांड ड्राफ्ट हातात आल्यावर. ‘अर्धे नंतर’ नको.

एवढं कर्ज त्याला झेपणार नसेल (२७ लाखांचा पंधरा वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी साडेसव्वीस हजारांच्या आसपास जातो, आणि मजल्याचे पैसे त्यावर वेगळे), तर मजला दोन-तीन वर्षं थांबेल. घर जागेवर आहे, तुम्ही काही त्याला बाहेर काढत नाही आहात.

आता बोलायचं कसं. फोनवर ऐनवेळी नको. रविवारी समोरासमोर, आई घरात असताना, चहा झाल्यावर बोला. मी असं म्हणेन:

‘दादा, मजला व्हावा असं मलाही वाटतं. वारसाईचे कागद मी लगेच करते. पण हक कमीवर सही करणार नाही, आता नाही आणि पुढेही नाही, कारण यांच्या निवृत्तीनंतर आमचा हिशेब तेवढा मोकळा नाही. तू घराचं इतकी वर्षं केलंस ते मला माहीत आहे. माझा हिस्सा तुला हवा असेल तर पहिला तूच, मी बाहेर कुणाकडे जाणार नाही. किंमत आपण बसून ठरवू.’

यातलं ‘पहिला तूच’ हे नुसतं गोड बोलणं नाही. वारसा कायद्याच्या २२व्या कलमाप्रमाणे एखाद्या वारसाने हिस्सा विकायचा ठरवला तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतोच. दादाच्या मनात खरी भीती बहुधा हीच असेल की उद्या तुमची मुलं हिस्सा परक्याला विकतील. ती भीती आधी काढली की पुढचं बोलणं सोपं जातं.

कारण एकच द्या आणि तेच द्या. पाच कारणं दिली की पाचांना उत्तरं येतात. वहिनी म्हणतील, ‘इतकी वर्षं कधी काही मागितलं नाहीत.’ त्यावर ‘आताही मागत नाहीये वहिनी, आहे ते ठेवतेय’ एवढंच. बाबांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं, तिकडे अजिबात वळू नका. तिथून कुणी परत येत नाही.

घरी आल्यावर हेच चार ओळींत दादाला व्हॉट्सॲपवर पाठवा, मायेनेच. यालाही कारण आहे. एकट्या दादाचा ताबा असला, वेरा तोच भरत असला, म्हणून तुमचा हिस्सा जात नाही. पण त्याने कधी ‘तुझा इथे काही हक्क नाही’ असं स्पष्ट सांगितलं, तर तिथून बारा वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. तसं घडलं तर गप्प राहू नका, त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.

आणि आईचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिखाण तयार करणाऱ्याने तिचीही हक कमी टाइप केली असेल अशी मला शंका आहे. रविवारी ती फाइल मागून बघा. तुमचा फ्लॅट आहे, तुमचं निभेल. एकोणऐंशीव्या वर्षी ज्या घरात ती राहते त्याच्या कार्डावरून तिचं नाव जाऊ देऊ नका. दादा कितीही चांगला असला तरी नाही. हे दादाला तुम्ही सांगण्याऐवजी आईलाच विचारा, ‘आई, तुला हे कुणी वाचून दाखवलं का?’