माझ्या बोन कंडक्शन हेडफोनचा आवाज क्षीण आणि घरघरता का येतो?

बहुतेक वेळा पॅड गालाच्या हाडावर नीट टेकत नसल्यामुळे असे होते. येथे आवाज मुख्यतः हाडातील कंपनांतून आतल्या कानापर्यंत जातो. म्हणून चष्म्याची काडी किंवा केस मध्ये आले की तो क्षीण होतो, आणि आवाज वाढवल्यास सैल पॅड त्वचेवर थरथरतो. पॅड कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे, हाडावर ठेवून बोटाने हलके दाबावा. आवाज लगेच भरला, तर हेडफोन आधी चढवून चष्मा नंतर घालून पाहावा. मात्र दाबूनही, कमी आवाजातही, एकाच बाजूला घरघर राहिली, तर आतला कंपक सैल झाला असण्याची शक्यता मोठी आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

चार्जिंगही अडखळत असेल, तर पिनांवर घामाच्या क्षारामुळे चढलेला हिरवट थर शोधावा. हेडफोन बंद करून तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच केबल जोडावी.