म्युच्युअल फंड विकला, बँकेत कमी पैसे आले, नोटीस पाठवू का?

प्रश्न: वकील साहेब, मी चोपड्याचा. तीन वर्षांपासून एका इक्विटी फंडात एसआयपी होती, ड्रिपसाठी पैसे लागले म्हणून सगळे 1500 युनिट विकले. कॉन्ट्रॅक्ट नोटवर एनएव्ही 84 रुपये आहे, म्हणजे 1,26,000 व्हायला पाहिजे, पण पासबुकात 1,24,738.74 जमा आहेत. एजंटनेच मधे खाल्ले असं वाटतं. त्याला नोटीस पाठवू का?

उत्तर: भाऊ, एजंटला आत्ता नोटीस नको. फरक 1261.26 चा आहे, त्यात 1.26 रुपये एसटीटी, म्हणजे इक्विटी फंड विकताना लागणारा 0.001 टक्का कर, आणि उरले 1260, ते बरोबर एक टक्का. हा एक्झिट लोड झाला, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी युनिट विकले तर फंड कापतो ती रक्कम, आणि लोडचा पैसा एजंटला मिळत नाही, तो परत त्या स्कीममध्येच जातो. टीडीएस म्हणावं तर देशात राहणाऱ्याच्या विक्रीच्या नफ्यावर तोही कापत नाहीत.

आता खरी गोम बघा, लोड एक टक्का असेल पण तो सगळ्या युनिटवर कसा काय? तुमच्या स्कीमच्या कागदात "एक वर्षाच्या आत विकल्यास" असं आहे का ते आधी वाचा, कारण तसं असेल तर एसआयपीचा प्रत्येक हप्ता वेगळी खरेदी धरतात, वर्ष प्रत्येकाचं आपापल्या तारखेपासून. कॉन्ट्रॅक्ट नोटवर हे कळणार नाही, फंडाचं अकाउंट स्टेटमेंट काढा आणि विक्रीच्या तारखेच्या मागच्या एका वर्षात घेतलेले युनिट बेरीज करा. समजा ते 360 निघाले, तर 360 गुणिले 84 म्हणजे 30,240 आणि लोड फक्त 302.40. म्हणजे 957.60 जास्तीचे कापले. कापसात कटती फक्त ओल्या मालाला लावायची तर सगळ्या गाडीला लावली, तसंच हे.

पण एक गोष्ट तपासल्याशिवाय भांडू नका. स्टेटमेंटमध्ये "स्विच इन" अशी ओळ आहे का? मधे कोणी दुसऱ्या स्कीममधून तुमचे पैसे इकडे वळवले असतील तर ते युनिट नवीन धरतात, तारीख स्विचची, आणि ते सगळं वर्षाच्या आतलं असेल तर कपात बरोबर आहे, मग भांडण फंडाशी नाही, स्विच तुमच्या सहीने झालं का हे एजंटला विचारायचं.

स्विच नसेल तर फंड हाऊसच्या तक्रार विभागाला ईमेल करा, कॉन्ट्रॅक्ट नोट, स्टेटमेंट आणि पासबुकाचं पान जोडा, हप्त्यांच्या तारखांसकट हा हिशोब लिहा आणि जास्त कापलेली रक्कम परत मागा. बँकेत फेऱ्या मारू नका, तिने आलं तेवढं जमा केलं. उत्तर पटलं नाही तर सेबीच्या SCORES पोर्टलवर टाका, तिथे फंडाला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तिथेही नाही सुटलं तर SMART ODR हे ऑनलाइन तंटा सोडवायचं पोर्टल आहे. 957 रुपयांसाठी जळगावला वकील लावाल तर माझी फीच त्याहून जास्त होईल.